गरम पाण्याचे किती आणि नावाचे किती?

*माझं वय 59, ह्यांचं 64. लग्नाला यंदा 35 वर्षं होतात म्हणून पुण्यातल्या मुलानं मुळशीकडच्या एका रिसॉर्टचं 'थर्मल वेलनेस' पॅकेज निवडलंय. 2 रात्री, दोघांचे मिळून 48,000 रुपये, कर वेगळा. त्यात नैसर्गिक खनिजयुक्त गरम पाण्याचं स्नान, 'पंचकर्म डिटॉक्स', डिटॉक्स फूट बाथ, प्रत्येकी दोन मसाज आणि जेवणखाण. तिथलीच नुसती खोली नाश्त्यासह 9,000 रुपये रात्र आहे आणि तासाभराचा मसाज 2,800. माझे गुडघे दुखतात. ह्यांना मधुमेह आणि बीपी आहे, तळपायांना मुंग्या येतात. रिसॉर्टवाले म्हणतात गुडघ्यांना दोन दिवसांत फरक पडेल. ऑफर रविवारपर्यंतच आहे. जावं का? की त्यापेक्षा वज्रेश्वरीला जाऊन यावं?*
*— एक वाचक, जुळे सोलापूर*

ताई, रविवारचं आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल. 'ऑफर संपत आली' असं खोटंच दाखवून घाई करायला लावणं हे केंद्र सरकारच्या 2023 च्या मार्गदर्शक नियमांत ग्राहकाची फसवणूक करणाऱ्या प्रकारांमध्ये नाव घेऊन मोडतं. तुमच्या रिसॉर्टची ऑफर खरीही असेल, मला माहीत नाही. पण सोमवारी फोन करून बघा. खोल्या रिकाम्या असतील तर ऑफर बहुधा परत उगवलेली असेल.

आता पॅकेज सोडवून बघू. तुम्ही आकडे दिलेत म्हणून काम सोपं झालं. दोन रात्रींची खोली 18,000. चार मसाज 11,200. नाश्ता खोलीत धरलेलाच आहे, म्हणून दोघांची दोन वेळची दुपारची आणि दोन वेळची रात्रीची जेवणं, म्हणजे आठ ताटं. ताटाला 900 रुपये धरले, तेही सढळ हातानं, तर 7,200. बेरीज 36,400. म्हणजे उरलेले 11,600 रुपये गरम पाणी, 'पंचकर्म डिटॉक्स' आणि फूट बाथ या तीन गोष्टींचे आहेत. एरवी पॅकेज घेतलं की सुट्या दरांपेक्षा स्वस्त पडायला हवं. इथं स्वस्त काही झालेलं नाही, वर तीन नावं चढवून दाम वाढवलाय. तेव्हा 48,000 जास्त का कमी हा प्रश्नच नको. या 11,600 च्या बदल्यात हाती काय पडतं, तेवढं पाहू.

पहिलं पाणी. महाराष्ट्रातले नावाजलेले गरम झरे बहुतेक सह्याद्रीच्या खाली, कोकणच्या पट्टीत आहेत. ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी, रायगडात महाडजवळ सव, रत्नागिरीत दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वरजवळचं तुरळ आणि राजवाडी, राजापूरजवळचं उन्हाळे. याखेरीज खानदेशात उनपदेव, नांदेडच्या किनवट तालुक्यात उनकेश्वर. मुळशी घाटमाथ्यावर आहे आणि या यादीत मुळशी मला कधी भेटलेली नाही. म्हणून 'नैसर्गिक' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवा. शक्यता हीच जास्त, की बोअरचं पाणी बॉयलरनं तापवून त्यात मीठ किंवा खनिजांची पूड टाकली जाते.

हे झरे ज्वालामुखीमुळे तापलेत असं माहितीपत्रकांत हमखास लिहितात. आपला काळा कातळ लाव्ह्याचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची ऊब केव्हाच गेली. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल उतरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश तापमान वाढतं, त्यामुळे पाणी तापायला एवढं पुरतं. 'ज्वालामुखीची ऊर्जा' वगैरे वाचलंत की लिहिणाऱ्यानं झरा पाहिलेला नाही एवढं समजा.

रिसॉर्टला काय विचारायचं ते जपान्यांकडून घेऊ. गरम पाण्याच्या स्नानाचा धंदा त्यांनी आपल्यापेक्षा पुष्कळ आधी नीट मांडला. 1948 पासून त्यांचा त्यासाठी कायदा आहे आणि पाण्याचं पृथक्करण लिहून लावावं लागतं. तरीही 2004 साली नागानो भागातल्या एका प्रसिद्ध ठिकाणी दुधाळ पाण्यासाठी स्नानाची पूड मिसळत असल्याचं उघड झालं आणि देशभर बोभाटा झाला. मग 2005 पासून चार गोष्टी जाहीर करणं बंधनकारक झालं: झऱ्याच्या पाण्यात साधं पाणी मिसळता का, ते तापवता का, तेच पाणी गाळून परत फिरवता का, आणि त्यात काही पूड किंवा जंतुनाशक टाकता का. हेच चार प्रश्न मुलाला ईमेलनं विचारायला सांगा. फोनवर नको, फोनवर सगळेच 'हो हो, प्युअर नॅचरल' म्हणतात. पाचवा प्रश्न माझा: झरा रिसॉर्टच्या आवारात नेमका कुठे आहे आणि तो बघायला मिळेल का?

तिथं गेलातच तर डोळ्यांनीही कळतं. खऱ्या झऱ्याचं पाणी एका बाजूनं सतत येतं आणि दुसऱ्या बाजूनं वाहून जातं. भल्या पहाटे आणि भर दुपारी त्याची ऊब जवळपास तीच असते. पाणी पडतं त्या नळीच्या तोंडाशी किंवा दगडावर पुष्कळदा पांढरट थर चढलेला दिसतो. गंधक असेल तर वास येतो, आणि अशा पाण्यात चांदी काळी पडते, म्हणून जोडवी-पैंजण खोलीतच काढून ठेवा. रिसॉर्टच्या टाकीचं पाणी सकाळी कोमट आणि 'हीटर चालू केलाय, अर्ध्या तासानं या' असं उत्तर मिळालं की समजायचं.

पण एक सांगते, आणि इथं रिसॉर्टविरोधी मंडळी माझ्यावर नाराज होतात. तापवलेलं पाणी म्हणजे फसवलेलं पाणी नव्हे. खोटं लेबल लावून विकणं ही फसवणूक. अंगाला जो आराम मिळतो त्यातला बराचसा ऊब आणि तरंगणं यांतून येतो, आणि दोन्ही साध्या पाण्यातही मिळतं. उबेनं रक्तवाहिन्या पसरतात, आखडलेले स्नायू सैल होतात. तरंगण्याचा हिशेब तर तुमच्या गुडघ्यांसाठी फारच कामाचा आहे. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचं साधारण निम्मंच वजन येतं, गळ्याइतक्या पाण्यात जेमतेम दहावा भाग. म्हणजे तुमच्यासाठी खनिजांच्या यादीपेक्षा टाकीची खोली महत्त्वाची. छातीइतकं पाणी, उतरायला रुंद पायऱ्या, धरायला कठडा, अशी टाकी असेल तर पाणी बोअरचं असलं तरी चालेल. गुडघ्याइतक्या उथळ, टाइल लावलेल्या हौदात सुगंधी फुलं टाकून दिली तर फोटो छान येतील, गुडघ्यांना काही नाही. हे विचाराच: टाकी किती खोल आहे आणि पाणी किती अंशांवर ठेवता?

दोन दिवसांत फरक पडण्याबद्दल. गरम, खनिजयुक्त पाण्यात बसल्यानं गुडघ्यांच्या झिजेचं दुखणं काही काळ कमी होतं, असं सांगणारे अभ्यास आहेत. त्यांचा दर्जा फार भक्कम नाही, पण अगदीच हवेतलंही नाही. मात्र त्या अभ्यासांत माणसं साधारण दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज पाण्यात बसलेली असतात. तेव्हा दोन दिवसांत संध्याकाळी मोकळं वाटेल, रात्री झोप बरी लागेल, आणि सोलापूरला परतून आठवडा झाला की गुडघा पूर्वीसारखाच बोलू लागेल. आराम म्हणून हे घ्या, उपचार म्हणून त्याचे पैसे देऊ नका. गुडघ्यांवर खर्च करायचाच असेल तर फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या. त्यात वर्षभराचा फायदा आहे.

'पंचकर्म डिटॉक्स' हा या पॅकेजचा सगळ्यात पोकळ भाग. पंचकर्म म्हणजे वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण. त्याआधी काही दिवस स्नेहन-स्वेदनाची तयारी, नंतर खाण्यापिण्याचं पथ्य, आणि सगळं वैद्यानं नाडी, वय, औषधं बघून ठरवायचं. शुक्रवारी चेक-इन करून रविवारी दुपारी निघणाऱ्याचं यातलं काहीही नीट होत नाही. रिसॉर्टमध्ये या नावाखाली अंगाला तेल लावतात, वाफेच्या पेटीत बसवतात आणि कपाळावर तेलाची धार सोडतात. ती शिरोधारा सुखद असते, मला स्वतःला फार आवडते, पण ती त्या पाचांत नाही. म्हणजे अभ्यंगाचे पैसे तुम्ही मसाजच्या रकान्यात देताच आहात आणि पंचकर्माच्या रकान्यात बहुधा तेच परत देताय. 'या दोन्हींत नेमका फरक काय, किती मिनिटं, कोण करणार' असं लेखी मागितलं की एक ओळ आपोआप गळून पडेल. आणि ह्यांना मधुमेह असताना कुणी रिसॉर्टवर विरेचनाचं, म्हणजे जुलाबाचं औषध किंवा दिवसभर नुसता रस देऊ लागलं, तर सरळ नाही म्हणा. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशी राहिलं की साखर एकदम खाली जाते.

डिटॉक्स फूट बाथची गंमत माहीत असेल तर तिथं करमणूकही होईल. मिठाच्या पाण्यात पाय ठेवतात, आत एक यंत्र असतं, आणि दहा-पंधरा मिनिटांत पाणी गढूळ तपकिरी होतं. 'बघा, विषारी द्रव्यं बाहेर आली.' खरं तर मिठाच्या पाण्यातून वीज गेली की यंत्रातल्या लोखंडी पट्ट्या गंजतात, तो गंजाचा रंग. खात्री करायची तर त्यांना सांगा, 'एकदा पाय न घालता चालवून दाखवा.' पाणी तसंच तपकिरी होईल. शरीरातला नको असलेला माल काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंड करतात; तळपायाला तेवढ्यासाठी कुणी दार ठेवलेलं नाही.

तेव्हा 11,600 मधलं पंचकर्म गेलं, फूट बाथ गेला, उरलं पाणी. टाकी चांगली असेल तर पाण्याला काही किंमत आहे, मी नाही म्हणत नाही. पण खोली घेणाऱ्या पाहुण्याला ती टाकी बहुधा फुकट किंवा थोड्या पैशांत वापरता येते. ते विचारा आणि जमत असेल तर मुलाला म्हणा: नुसती खोली नाश्त्यासह, दोघांना मिळून दोन मसाज, जेवण जेवू तसं. त्याच दरांनी हे 18,000, 5,600 आणि 7,200 मिळून 30,800 होतात, आणि सुखात काही कमी पडत नाही. चार मसाज नकोतच. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं आणि मसाजसाठी वेळा पाळण्यात सुट्टी संपते.

कर विसरू नका. खोलीचा दर रात्रीला 7,500 रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के, त्यावर गेला की 18 टक्के. पूर्ण 48,000 वर 18 टक्के लावले तर 8,640 वाढतात आणि आकडा 56,640 होतो. आठवड्याच्या मधल्या वारी खोलीचा दर पुष्कळदा उतरतो. तो 7,500 च्या आत आला तर दर आणि कर दोन्हीकडे फायदा. निवृत्त माणसानं शनिवार-रविवारच्या गर्दीत जायचं कारणच काय? 'सेवा शुल्क' म्हणून बिलात आपोआप रक्कम जोडली तर ती काढायला सांगता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्येच तसं सांगितलंय. ऐकलं नाही तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

आता ह्यांच्याबद्दल, आणि इथं मी जरा कडक होणार. दाजींच्या तळपायांना मुंग्या येतात, म्हणजे मधुमेहानं नसांवर परिणाम झालेला असू शकतो. अशा पायाला गरम किती ते कळत नाही. चटका बसतो, फोड येतो, आणि मधुमेहात ती जखम महिनोन्महिने भरत नाही. झऱ्यावर हा धोका रिसॉर्टपेक्षा जास्त, कारण काही ठिकाणी उगमापाशी पाणी भाजण्याइतकं गरम असतं. उन्हवऱ्याला ते सत्तर अंशांच्या आसपास असतं. पाय बुडवून बघायचं नाही. आधी तुम्ही कोपर बुडवायचं, त्याहून चांगलं म्हणजे पाण्याचा साधा थर्मामीटर सोबत न्यायचा. 38 ते 40 अंश ठीक, त्यावर नको. एका वेळी 10 मिनिटं, फार तर 15. बीपीची गोळी आणि गरम पाणी दोन्ही रक्तदाब उतरवतात, म्हणून बाहेर येताना झटकन उठायचं नाही. पायरीवर दोन मिनिटं बसायचं, मग कठडा धरून उभं राहायचं. इन्शुलिन घेत असतील तर टोचल्यावर लगेच गरम पाण्यात जाऊ नये, उबेनं ते लवकर शोषलं जातं. भरल्या पोटी नको, अगदी उपाशीही नको. निघण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा पाय दाखवा. पायाला भेग किंवा जखम असेल तर यंदा त्यांनी काठावर बसून तुमच्याशी गप्पा माराव्यात.

राहिली वज्रेश्वरी. तुमचा विचार मला आवडला, कारण सोलापूरहून ती सोयीची आहे. तुरळ-राजवाडी सुंदर आहेत, पण पंढरपूर-सांगोला करत कोल्हापूर आणि पुढे आंबा घाट म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास गाडीत बसणं. दुखऱ्या गुडघ्याला तेवढा वेळ दुमडून ठेवलं की झऱ्यावर पोचेपर्यंत झऱ्याची गरज दुप्पट झालेली असते. त्याउलट सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री झोपायचं आणि पहाटे कल्याणला उतरायचं. तिथून ठरवलेली गाडी घेऊन भिवंडीमार्गे गणेशपुरी. दोन्हीकडचा रेल्वेचा वातानुकूलित डबा, दोन दिवसांची गाडी, एका रात्रीची स्वच्छ खोली आणि जेवण धरून दोघांचं 15,000 च्या आसपास भागावं, असा माझा अंदाज.

पण वज्रेश्वरीला रिसॉर्टच्या अपेक्षेनं जाऊ नका. ते तीर्थक्षेत्र आहे. वसईच्या 1739 च्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी बांधवलेलं देवीचं मंदिर, किल्ल्यासारख्या तटाचं, चढायला पायऱ्या. पायऱ्या बेतानं चढा. कुंडं अकलोलीत तानसा नदीच्या काठी आणि गणेशपुरीत मंदिरापाशी. पाणी खरं, झरा खरा, पण कपडे बदलायची सोय यथातथा, पायऱ्या शेवाळलेल्या, सुट्टीच्या दिवशी गर्दी आणि गर्दीबरोबर येणारा साबण. म्हणून मंगळवार-बुधवार धरा, उजाडता उजाडता कुंडावर पोचा आणि सुती गाऊनऐवजी अंगाला न चिकटणारा जाड सलवार-कुर्ता न्या. रबरी तळाच्या चपला पाण्यातही घाला. डोकं बुडवू नका आणि नाकात पाणी जाऊ देऊ नका. उबदार गोड्या पाण्यात क्वचित एक अमीबा असतो, तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोचला तर जीवघेणा ठरतो. पिणं तर नकोच, कुणी तीर्थ म्हणून दिलं तरी हातावर घेऊन डोक्याला लावावं. रिसॉर्टच्या टाकीबद्दलही एक खूण सांगून ठेवते: क्लोरीनचा उग्र, डोळे चुरचुरवणारा वास आला तर पाणी फार स्वच्छ असं समजू नका. तो वास घाम आणि मळ यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की जास्त येतो. तिथं उतरू नका.

माझ्या मनात काय आहे ते सांगते. मुलाला भेट द्यायची आहे, त्याचं मन मोडू नका. त्याला दोन ईमेल लिहायला लावा. एक रिसॉर्टला, वरच्या प्रश्नांचा. उत्तरं सरळ आली, टाकी खोल निघाली आणि नुसती खोली घेऊ दिली, तर मधल्या वारी जा. उत्तरं गोलमाल आली तर दुसरा ईमेल करून आगाऊ रकमेच्या परताव्याची अट लेखी मागावी. पैसे भरलेले नसतील तर तोही ईमेल वाचला. मग गणेशपुरीला जा आणि उरलेल्या पैशांतून मुलानं तुम्हाला घरी बसायला एक चांगली आरामखुर्ची घ्यावी. टब घ्या म्हटलं असतं, पण काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्या गावात तो सल्ला देण्याचं धाडस मला नाही.

वेळ मात्र थंडीची धरा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43 च्या वरही जातो, तेव्हा अंग आधीच शिजलेलं असतं आणि गरम पाण्यानं चक्कर येते. डिसेंबर छान. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास गड्ड्याची यात्रा असते, घरी पाहुणे येतील, तो आठवडा सोडा. सिद्धेश्वरचं आरक्षण लवकर भरतं, खालचे दोन बर्थ मिळतील तो दिवस आधी बघा आणि मग बाकीच्या तारखा ठरवा.